हिशेब न विचारायचे तीनशे

कपडे लहानमोठे करून देण्याच्या दुकानात ती बावीस वर्षं मशीनवर बसत होती, आणि तिथे तिला सगळे तिजोरी म्हणत. आत गेलेलं बाहेर येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हिचं अंथरूण चांगलं लांबरुंद होतं, पण ही पोटाशी पाय घेऊन झोपायची.

नवरा लिफ्टदुरुस्तीचा मेकॅनिक, लेक नववीत. दोघांचे पगार मिळून महिन्याला तीस हजार. डोक्यावर कर्ज नाही, अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च पतपेढीत बाजूला टाकलेला. पण स्वतःच्या पैशाने एक कप चहा घेतला, तर त्याचा घोट संध्याकाळपर्यंत तिच्या घशात अडकून राही. लहानपणी घरात खरीच चणचण होती. चणचण कधीच गेली, धास्ती मात्र भाडं न भरता राहिली होती.

आणि हौस दाबून तरी किती दाबणार? गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवून परतताना ती वाद्यांच्या दुकानात शिरली आणि पाव तासात बावीसशेचा माउथ ऑर्गन घेऊन बाहेर पडली. कसा घेतला, हे तिचं तिलाही कळलं नाही. घरी आली तशी लपवालपवी सुरू झाली. बाजा गेला बटणांच्या डब्याच्या तळाशी, वहीत नोंद झाली 'इतर', आणि प्रायश्चित्त म्हणून बाईसाहेब महिनाभर कामावर पायी गेल्या. वाजवायची हौस काही जाईना. मग बाथरूमची कडी लावून, नळ पूर्ण सोडून, त्या आवाजाच्या आडोशाने संगीतसाधना सुरू झाली.

त्या घरात प्रत्येक बिल तीच तपासायची. पाण्याचं बिल दुप्पट आलं तशी तिने दरबार भरवला.

"नळ कोण उघडा टाकतं?"

मेकॅनिक छताकडे बघू लागला. लेक म्हणाली, "मी तर केससुद्धा आठवड्यातून एकदाच धुते."

तेव्हा कुठे तिला बाथरूममधला आपलाच नळ आठवला. मीटरच बिघडलंय, असं म्हणून सुटता आलं असतं. पण तिजोरीचा प्रामाणिकपणा आडवा आला. पण तोंडाने कबूलही करवेना, म्हणून बिल तपासायला तिने धाकट्या नणंदेला बोलावलं. नणंद पतपेढीत कारकून होती आणि दिवसभर लोकांना घरखर्चाची आखणी करून द्यायची. रविवारी ती आली, चष्मा लावला आणि बिल सोडून वहीच उघडून बसली.

"वहिनी, हे 'इतर, बावीसशे' काय आहे?"

"इतर म्हणजे... इतर."

"आणि दादाचे हे 'किरकोळ' दर आठवड्याला?"

मेकॅनिकने लगेच कबुली दिली. लिफ्ट अडकली म्हणून उशीर झाला असं तो सांगायचा, तेव्हा लिफ्ट नाही, तोच कोपऱ्यावरच्या भजीच्या गाडीपाशी अडकलेला असायचा. नवऱ्याचं ऐकून तिलाही धीर आला आणि बटणांचा डबा टेबलावर उपडा झाला. नणंद इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"तुम्ही दोघं आपल्याच घरात चोऱ्या करताय," ती म्हणाली. "वहीत भाडं आहे, किराणा आहे, बचत आहे. मजेला एक ओळ नाही. म्हणून ती मागच्या दाराने येते, आणि येते तेव्हा बावीसशेची येते."

तिने पेन घेतलं. तुमची अडचणीची शिल्लक पुरेशी आहे, ती म्हणाली, तेव्हा महिन्याच्या सहा हजारांच्या बचतीतले सहाशे काढा, 'इतर'मधले तीनशे काढा. नऊशे झाले, म्हणजे पगाराच्या शंभरातले तीन. तिघांना तीन पाकिटं, सारखी. पगाराच्या दिवशी भाडं, बिलं आणि बचत बाजूला काढली की लगेच ही भरायची. पैसे कशावर गेले ते कुणी विचारायचं नाही आणि वहीत लिहायचं नाही. उरले तर पुढच्या महिन्यात आपल्याच पाकिटात. संपले तर पगारापर्यंत गप्प बसायचं.

"मला नको, आत्या," लेक पटकन म्हणाली. "माझे घरातच ठेवा."

तिजोरीला आधी अभिमान वाटला. लेक कुणाची!

"नववीतल्या पोरीला काहीच नको?" नणंदेने विचारलं. "एक पेनसुद्धा?"

लेक टेबलावरची बटणं रंगानुसार लावत बसली. मग म्हणाली, "हवं म्हटलं की आईचा चेहरा पडतो. मग घेतलेली वस्तू वापरावीशीच वाटत नाही."

तिजोरीचा अभिमान तिथल्या तिथे विरला. आपण पोरीसाठी पैसे साठवत होतो आणि सोबत आपली भीतीही तिच्या नावावर जमा करत होतो, हे तिला समजलं. तिने उठून तीन पाकिटं आणली.

मेकॅनिकचं पाकीट तीन दिवसांत रिकामं झालं. चौथ्या दिवशी त्याने बायकोकडे लाडीगोडी लावून उचल मागितली आणि नकार घेऊन परतला. लेकीने पाकीट पुस्तकांमागे ठेवलं आणि हात लावला नाही. आणि तिजोरीने? तिने कपडे धुण्याची पावडर आणली, फरशीचं औषध आणलं आणि चोरपावलांनी मोरीत नेऊन ठेवलं.

पकडून दिलं तिच्याच वहीने. महिना संपत आला तरी साबणाच्या खात्यात दमडीचा खर्च नाही, आणि कपडे तर स्वच्छ!

"मजेच्या पैशांनी पावडर?" मेकॅनिक कमरेवर हात ठेवून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच तपासणी करायला मिळाली होती. त्याने किराण्याच्या पैशातून दोनशे चाळीस काढून तिच्या पाकिटात परत घातले. "पुन्हा असा गुन्हा दिसला तर आत्याला कळवीन."

दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोरच्या कॉफीच्या दुकानात गेली. अकरा वर्षं ती त्याची काच मशीनवरून बघत होती. कॉफी आणि केकचा तुकडा, एकशे दहा. तिसऱ्या घासाला ओळखीची धास्ती आलीच: हे कशातून गेले? तिने मनातल्या मनात शोधलं. भाड्यातून नाही, बचतीतून नाही. हे पैसे इथे येण्यासाठीच वेगळे निघाले होते. धास्ती थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली. तिने प्लेटमधला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.

पण लेकीचं पाकीट तसंच होतं. दुसरा महिना गेला, सहाशे झाले. पैसे खर्च होत नाहीत या काळजीने तिजोरी पहिल्यांदाच हैराण झाली. विचारायचं नाही हा नियम तिला चावायला लागला.

तिसऱ्या महिन्यात, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी, लेक शाळेतून येताना एक खोकं घेऊन आली. आतून निघाला विग. हिरवागार, कुरळा, खांद्यापर्यंतचा.

कितीला, कशाला, कोण घालणार, सगळे प्रश्न एकदम तिजोरीच्या जिभेवर आले. तिने ओठ घट्ट मिटले.

"विचार ना, कशाला घेतला," लेक म्हणाली.

"विचारायचं नाही असं ठरलंय."

"तरी विचार."

"कशाला घेतलास गं?"

"मला हवा होता." आणि ती आईच्या चेहऱ्यावर नजर रोखून उभी राहिली.

तिजोरीला गलबलून आलं. रडू लपवायला तिने विग उचलला, आपल्या डोक्यावर चढवला, दोन्ही बाजूंनी नीट खेचला आणि आरशापुढे जाऊन मान वळवून वळवून बघू लागली.

"छान बसलाय. उद्या दुकानात घालून जाते."

"काही नाही हं!" लेक ओरडली आणि हात पुढे केला. "माझा आहे तो. दे इकडे."