सातव्या प्रकरणातली वन्सं

प्रिय फूटपट्टी,

ऑफिसात तुला सगळे याच नावाने हाक मारायचे, कारण ओळीखाली पट्टी धरल्याशिवाय तू प्रूफ वाचत नसायचीस. बत्तीस वर्षं वाचलीस. मी संपादक असूनही तुला घाबरायचे, हे आता लिहून टाकते.

त्या कादंबरीची प्रकाशनाची तारीख जाहीर झाली होती. तू प्रुफं माझ्या टेबलावर आपटलीस.

"बाई, सातव्या प्रकरणातली भावजय बघा. वन्संना म्हणते, 'तुम्ही बसा.' पुढच्याच ओळीत, 'तू चहा घे.' मग, 'आपण काळजी करू नये.' ना भांडण, ना लाड. एका चहात तीन नाती!"

"अगं, घाई झाली असेल."

"तिसऱ्यात बायको एरवी नवऱ्याला अरे-तुरे करते आणि रुसली की म्हणते, 'तुम्ही मोठे शहाणे!' तो टोमणा आहे, ती बाई खरी आहे. सात, आठ, नऊमध्ये मात्र कोण कोणाशी बोलतंय याचा पत्ताच नाही. मला लिहिणाऱ्या मशीनचा वास येतोय."

प्रकाशक आतून ओरडले, "अहो, माणसंही चुकतात! प्रुफांवर सही करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

घरात कमावणारी तू एकटी. तरी म्हणालीस, "चुकतात ना. म्हणूनच मी समासात 'मशीन' असं लिहिलेलं नाही, नुसता संशय लिहिलाय. लेखकाला बोलवा. माणूस चुकला असेल तर कसा चुकला ते सांगेल. तोवर सही नाही."

आपण गप्प बसलेलं बरं, असं मला क्षणभर वाटलं. त्याची लाज आजही वाटते. मग मीच फोन लावला.

लेखक आला. शाळेत शिकवणारा, सरळ माणूस. तिसऱ्यातलं 'तुम्ही' कशाला, असं तू विचारलंस. तो हसला, "रुसलीय ना ती!" मग सातवं पुढे केलंस.

"सर, ही वन्संना एकदम 'तू' का म्हणते?"

त्याने ओळ दोनदा वाचली. "आजारी होतो. तारीख जवळ आली. ही तीन प्रकरणं मशीनकडून लिहून घेतली आणि वाचलीही नाहीत."

"मग आता लिहा. घरी वन्सं-भावजय आहेत?"

"आई आणि आत्या."

"त्यांच्याजवळ बसून लिहा."

प्रकाशकांनी तारीख दोन महिने पुढे ढकलली, चरफडत. सोमवारी तू तुझ्या खुर्चीत होतीस.

नव्या सातव्यात भावजय शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणते. फक्त वन्सं जिन्यावरून घसरतात तेव्हा ओरडते, "अगं, धर मला!" तू त्या ओळीखालची पट्टी बराच वेळ हलवली नाहीस.

पहिली प्रत त्या आईला आणि आत्याला आपण दोघींनी नेऊन द्यायची असं ठरलं होतं. आधी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, मग माझा गुडघा, मग तू लेकीकडे राहायला गेलीस. प्रत अजून माझ्याच कपाटात आहे.