बाहेर पडायच्या वाटा

मी यादीशिवाय काम करत नाही. त्या दिवशीही माझ्या पुल रिक्वेस्टला, म्हणजे मुख्य प्रोग्राममध्ये घालण्याआधी दुसऱ्याने तपासायच्या बदलाला, यादी जोडली होती. फाइल बंद केली: हो. डेटाबेसचं कनेक्शन परत केलं: हो. चाचण्या पास: हो.

जव्हारच्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाचं ॲप सांभाळलं जातं. दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या पाड्यांवर वजनं होती. कमी वजनाच्या मुलाची सूचना डॉक्टरांना त्याच दिवशी जायला हवी. म्हणून घाई होती.

तपासणार होती जामसरची माझी सहकारी. ती कोड वरून खाली वाचत नाही. आधी बाहेर पडायच्या वाटा, म्हणजे कोड जिथे जिथे काम संपवून निघून जातो त्या जागा, शोधते.

"ताई, यादी झकास आहे," ती म्हणाली. "पण कनेक्शन परत करताय अगदी तळाला. नोंद आधीच जमा असली तर तुमचा कोड मधूनच निघून जातोय. ते कोण परत करणार, मी?"

"एकच नोंद दोनदा येईल कशाला?"

"थांबा."

तिने मोबाइलचा कोड उघडला. वजनाच्या पडद्यावर मी एक लिसनर, म्हणजे नेटवर्कची चाहूल घेत बसणारा कोडचा तुकडा, लावला होता. नेटवर्क आलं की तो साठलेल्या नोंदी पाठवतो. पडदा बंद झाल्यावर त्याला काढायचं मी विसरले होते. सेविका प्रत्येक मुलासाठी पडदा नव्याने उघडते. वीस मुलं, वीस लिसनर. सेविका टेकाडावर चढून नेटवर्कमध्ये आली की वीसही जण त्याच नोंदी पाठवणार.

"आणि एका वेळी वापरता येतील अशी कनेक्शनं आपल्याकडे किती?"

"दहा," मी म्हणाले. परत न केलेलं कनेक्शन पुढच्या नोंदीला मिळत नाही.

तिने तिच्या लॅपटॉपवर दहाची दोन केली आणि आधीच जमा असलेली नोंद तीनदा पाठवली. पहिल्या दोन वेळा उत्तर आलं. तिसऱ्यांदा नुसतं चक्र फिरत राहिलं. एरर नाही, काही नाही. मी बघतच राहिले. दोन वेगळ्या फाइलींतल्या दोन लहान चुका एकमेकींना शोधत गेल्या होत्या, आणि ही बाई नुसतं वाचून त्या वाटेवर आधीच जाऊन बसली होती.

दुपारभरात दुरुस्त केलं. परत करण्याची ओळ अशा जागी हलवली की कुठल्याही वाटेने बाहेर पडलं तरी ती चालतेच. पडदा बंद होताना लिसनर काढला. पुन्हा तीच नोंद तीनदा, मग तीसदा. सगळ्यांना उत्तरं आली. मगच तिने मंजुरी दिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाड्यांवरून नोंदी यायला लागल्या. वापरात असलेल्या कनेक्शनांचा आकडा मी उघडून ठेवला होता. चार, सात, नऊ. मग पाच, दोन, शून्य. घेतलेली सगळी परत आली होती.

"ताई, चहा गार झाला," ती म्हणाली.

आकडा पुन्हा वर चढला, पुन्हा शून्यावर आला. मी चहाला हात लावला नाही.