चार काळे गोळे

बारामतीच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या पडद्यावरून चार काळे गोळे माझ्याकडे टक लावून पाहत होते. स्त्रीबीज वाढवायच्या गोळ्या घेऊनही मागच्या महिन्यात बीजाची एकही पिशवी वाढली नव्हती. आता चारही अठरा मिलिमीटरच्या आसपास! इंदापूरच्या बाजारात मी डाळिंबं विकते. मोठा माल दिसला की हात शिवशिवतातच.

"पिशव्या फुटायचं इंजेक्शन द्या की, डॉक्टर मॅडम."

"एखाददुसरी असती तर दिलं असतं. चार फुटली तर तिळं, चौळं राहतील. हा महिना सोडायचा. पाळी येईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहा. पुढं डोस कमी करू."

"मग दोनच फोडा!"

"बाई, इथं निवडून घेता येत नाही."

माझा हक्काचा महिना तिनं हिसकावला, तो राग अजून आहे. दुपारी घरी नवऱ्यानं खोलीचं दार वाजवलं, पण मी कडी काढली नाही. पोटातले चौघं श्वास रोखून ऐकत होते.