ठिपक्याखालचं वलय

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि शवागार यांच्या मधल्या बुटक्या इमारतीत जंतूंची तपासणी चाले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे खिडकीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. रक्ताची प्लेट हातात आली की बाई तिला घेऊन थेट खिडकीशी जात, झाकण काढत, प्लेट उजेडासमोर आडवी-तिरपी धरत आणि एक डोळा बारीक करून बघत बसत. घरीही तीच खोड. धुतलेला पेला उजेडात धरून पाहिल्याशिवाय त्या पाणी पीत नसत. सासूबाई हयात असताना म्हणायच्या, "सून आणायला गेलो आणि तपासनीस घेऊन आलो."

नव्या मुली कामाला लागल्या की बाईंचा पहिला पाठ ठरलेला. मेंढीचं रक्त घातलेल्या जेलीवर जंतू वाढवायची ती लालभडक ब्लड अगारची प्लेट त्या पुढे ठेवत.

"जंतू रक्ताचं काय करतात ते बघायचं," त्या सांगत. "काही जण रक्तपेशी धड फोडतही नाहीत, नुसता रंग बिघडवतात. जंतूंच्या ठिपक्याभोवती हिरवट डाग पडतो, जुन्या मुक्या मारासारखा. तो अल्फा. काही जण पेशींचा पार निकाल लावतात. तिथे प्लेट इतकी साफ होते की पलीकडचं छापील अक्षर वाचता येतं. तो बीटा. आणि काही जण खाऊनपिऊन गप्प बसतात, लाल ते लालच राहतं. तो गॅमा."

एखादी विचारी, "म्हणजे गॅमा गरीब बिचारे?"

"गरीब कोणी नसतं गं. ही फक्त चाळणी आहे. स्ट्रेप्टोकोकसची अख्खी वरात दारात उभी असते, त्यातलं कोण कुठल्या रांगेत उभं करायचं ते यावरून कळतं. हिरव्या रांगेत न्यूमोनियावाला असतो आणि तोंडात राहणारे त्याचे भाऊबंदही असतात. साफ रांगेत घसा धरणारा ए गट, आणि बाळंतिणीकडून बाळाला जाणारा बी गट. रांग ठरली की पुढच्या चाचण्या. पण रांगच चुकली तर पुढची चाचणी कोण करणार?"

मग त्या बी गटाबद्दल बजावत. त्याच्याभोवतीचं साफ वलय अरुंद असतं. कधी कधी ते ठिपक्याच्या आतच लपतं, वरून बघितलं तर काहीच नाही. म्हणून लूपने, म्हणजे त्या तारेच्या बारीक कडीने, ठिपका बाजूला सारायचा आणि त्याच्या खालची जागा उजेडात धरायची. "अंगणात डोकावून घरातलं माणूस कळत नाही," असं त्या म्हणत, आणि मुली हसत.

प्रयोगशाळेत बाईंच्या बरोबरीने जुनं माणूस म्हणजे मावशी. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात, उकळून जंतू मारायचे, काच धुवायची, ओटे पुसायचे, हे मावशींचं काम. बाई नोकरीला लागल्या तेव्हा ऑटोक्लेव्हचं झाकण कसं आवळायचं ते मावशींनीच शिकवलं होतं. दोघी एकाच डब्यात जेवत. बाईंचा नवरा आजारी होता तेव्हा दवाखान्यात उशाशी बसायला मावशीच आल्या होत्या, आणि तो गेला त्यानंतरचे पहिले काही महिने बाईंना घास गिळायला लावणाऱ्याही त्याच. सख्खी बहीण काय करील ते मावशींनी केलं होतं.

मावशींची एकुलती एक लेक लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी गरोदर राहिली. दोनदा पोटातच गेलं होतं, हे तिसरं. मावशींनी नाव काढायचं नाही म्हणून जिभेला कुलूप लावलं होतं, पण सुया मात्र दिवसभर चालत. जेवणाच्या सुट्टीत पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं जात होतं. नववा महिना लागायच्या सुमारास लेकीचा नमुना तपासणीला आला. बी गटाचा जंतू आईच्या योनीमार्गात काही त्रास न देता राहतो, पण बाळंतपणात बाळाला लागला तर घात करतो. आधी कळलं तर कळा सुरू झाल्यापासून आईला पेनिसिलीन शिरेतून देतात, आणि बाळ बहुतेक वेळा वाचतं. सगळं त्या 'आधी कळलं तर' वर.

नमुना आधी जंतू वाढवायच्या रसात, मग प्लेटवर, मग रात्रभर इन्क्युबेटरच्या उबेत. सकाळी बाईंनी प्लेट काढली तेव्हा मावशी त्यांच्या कोपराशी उभ्या होत्या. हातातला ओला फडका पिळत होत्या, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

"आहे का हो काही?"

बाईंनी प्लेट ट्यूबलाइटखाली धरली. खिडकी चार पावलांवर होती. राखाडी, चपटे, ओलसर ठिपके. भोवती लालच लाल. एक ठिपका काचेवर घेऊन पेरॉक्साइडचा थेंब टाकला, बुडबुडे आले नाहीत. म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्याच कुळातला. पण भोवती वलय नाही. गॅमा. त्या जागी नेहमी राहणारा कोणीतरी, एन्टेरोकोकस असेल. बाईंना मावशींच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मावशींना एकदा तरी चांगली बातमी आपल्या तोंडून द्यावी, इतकंच मनात होतं.

"काही नाही मावशी. नेहमीचेच रहिवासी आहेत. जा, टोपडं पुरं करा."

मावशींनी फडका खांद्यावर टाकला आणि डोळे पुसले. आनंदाने माणूस कसं उजळतं ते बाईंनी त्या दिवशी पाहिलं. अहवाल गेला: बी गट आढळला नाही. लूप त्यांनी त्या प्लेटला लावलंच नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. माया आंधळी असते म्हणतात, त्याचा हा असा पुरावा मिळायचा होता.

आठवडा भरायच्या आत लेक बाळंत झाली. मुलगी झाली. पेनिसिलीन कोणी दिलं नाही, देण्याचं कारणच नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास घेताना कण्हू लागलं. काचेच्या पेटीत ठेवलं, औषधं सुरू केली, तपासणीसाठी बाळाच्या रक्ताची बाटली प्रयोगशाळेत आली. बाटलीत वाढ दिसली तशी बाईंनी ती प्लेटवर लावली, आणि दुसऱ्या सकाळी हातानेच सवयीने काम केलं: खिडकी, उजेड, लूप, ठिपका बाजूला. ठिपक्याखाली, कडेपासून जेमतेम बाहेर डोकावणारं, स्वच्छ वलय. बीटा. मग ज्या चाचणीत हा जंतू दुसऱ्या जंतूच्या रेघेशेजारी पेरतात तीही लावली; दोन रेघा जवळ आल्या तिथे बाणाच्या टोकासारखी जागा साफ झाली. बी गट. शंकेला जागा नव्हती.

बाई फ्रिजकडे गेल्या. वाचून झालेल्या प्लेटा दहा दिवस ठेवायचा तिथला रिवाज होता. मावशींच्या लेकीची प्लेट अजून होती, दुसऱ्या दिवशी उकळायला जायची होती. त्यांनी ती खिडकीशी नेली. ठिपका सारायला हात तयार होईना. मग सारला.

खालून पलीकडच्या भिंतीवरच्या सूचनेतलं एक अक्षर दिसलं.

त्या प्लेट घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रमुख, वयाने बाईंहून लहान, स्वभावाने भल्या. त्यांनी प्लेट बराच वेळ पाहिली.

"हे बघा," त्या सावकाश म्हणाल्या, "फ्रिजमध्ये ठेवल्यावर वलय वाढतं कधी कधी, तुम्हालाही माहीत आहे. त्या सकाळी ते नसेलही. बी गटातले काही तर रक्त फोडतच नाहीत, अगदी गॅमासारखे दिसतात. मी तसं लिहीन. आणि खरं सांगायचं तर गॅमा वाटला तरी पुढची चाचणी लावायचा नियम मीच करायला हवा होता. तो दोष माझाही आहे."

"त्या सकाळी होतं की नव्हतं, हे आता कोणालाच कळणार नाही," बाई म्हणाल्या. "मी ठिपका सारून पाहिलं नाही, एवढं मला माहीत आहे. तेच लिहा."

"नोकरीची चार वर्षं उरलीत तुमची."

"लिहा."

नोकरीची त्यांना तेवढी भीती नव्हती. भीती वाटत होती ती मावशींची. बाळ गेलं तर हे सांगायचं, आणि बाळ जगलं तरी सांगायचं, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं. जगलं तर सांगणं किती सोपं जाईल याचा हिशेब त्या मनाशी करत होत्या, आणि त्या हिशेबाची त्यांना लाजही वाटत होती.

जन्मानंतर पाचव्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

मावशी रजेवरून परत आल्या तेव्हा पाठीचा कणाच कोणी काढून घेतल्यासारख्या चालत होत्या. पण कामाला लागल्या. घरी बसून काय करायचं, म्हणाल्या. धुण्याच्या खोलीत त्या एकट्या असताना बाई आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्यांनी सगळं सांगितलं. ट्यूबलाइट, न उचललेलं लूप, वलय. डॉक्टरांनी काय म्हटलं होतं तेही सांगितलं, पण त्याचा आडोसा घेतला नाही.

मावशींनी नळ बंद केला.

"दिसलं असतं, तर बाळ जगलं असतं?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे हो, मावशी. दहातली नऊ तरी जगतात."

मावशी ओट्याला टेकल्या. शिव्या येतील, हात उगारला जाईल, असं बाईंना वाटत होतं. त्यांना ते हवंही होतं. तसं काही झालं नाही.

"मला कशाला सांगितलंत?" मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आतापर्यंत हे देवाचं होतं. त्याला मी रात्रभर वाटेल ते बोलत होते, आणि त्याचं तोंड सकाळी मला बघायला लागत नव्हतं. आता तुम्ही म्हणता हे तुमचं. तुमच्यासमोर मी डबा कसा उघडू?"

खरं बोललं की मन हलकं होतं असं बाई ऐकत आल्या होत्या. त्यांचं थोडं झालंही असेल. पण ते ओझं कुठे नाहीसं झालं नव्हतं, ते त्यांनी मावशींच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं, आणि ते आता परत घेता येणार नव्हतं.

"तुमची माफी मागायला..."

"मागू नका. द्यावी लागेल मला, आणि ती माझ्याकडे नाही." मावशींनी पदराने हात कोरडे केले. "पोरीला सांगू नका. तिला वाटतंय तिच्याच अंगात काही खोट आहे. मी समजावते, तिला पटत नाही."

"तिला सांगितलं तर निदान तो विचार तरी जाईल तिच्या मनातून."

मावशींनी बंद नळ पुन्हा आवळला. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग मीच सांगेन," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव घेऊन सांगेन. बाई, तिला पुन्हा दिवस राहिले, तर तिची प्लेट दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या."

"हो," बाई म्हणाल्या.

मावशींनी ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं आणि त्या दिवशीच्या प्लेटा आत रचायला घेतल्या. बाई मदतीला पुढे झाल्या, तेव्हा मावशींनी मान हलवून नको म्हटलं, आणि बाई दार उघडून बाहेर गेल्या.