आप्पांनी बंद केलेल्या एकशे अठरा तक्रारी

आप्पांना आम्ही आप्पा म्हणायचो ते वयामुळे. मला धरून सात जणांच्या आमच्या टीममध्ये त्यांच्या खालोखाल मोठी मी, आणि माझ्यात नि त्यांच्यात सोळा वर्षांचं अंतर. रक्त तपासणीची मशिन्स दुरुस्त करत त्यांनी गावोगाव बावीस वर्षं काढली होती. मग गुडघा गेला आणि कंपनीने त्यांना घरून फोनवर मदत करणाऱ्या टीममध्ये, म्हणजे माझ्याकडे, दिलं. लॅबमधलं मशीन अडलं की तिथला माणूस तक्रार नोंदवतो, आमच्यापैकी कुणीतरी ती उचलतं, फोनवर बोलून मशीन चालू करून देतं आणि तक्रार बंद करतं. दिसायला एवढंच काम.

सकाळी साडेसात म्हणजे साडेसातला कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढचा ठिपका हिरवा व्हायचा. मीटिंगला इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मागे भिंतीला टेकवलेलं शिवणयंत्र. काकू एकदा मागून जाता जाता म्हणाल्या होत्या, "माझ्याशी कमी आणि या ठिपक्याशीच जास्त संसार केलाय यांनी." आप्पा लाजून माइक बंद करायला गेले आणि चुकून कॅमेराच बंद झाला. आम्ही सगळे हसलो होतो.

तेव्हा कंपनीने आमच्या कॉम्प्युटरवर एक पहारेकरी बसवला होता. माउस किती वेळ हलला, किती वेळ बोटं चालली हे तो मोजायचा आणि दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढायचा. त्यात आप्पा दर महिन्याला पहिले, कारण फोनवर बोलतानाही ते एकेक गोष्ट टाइप करत असायचे. टीममधल्या एकाला मात्र फोनवर पाऊण तास लॅबवाल्याशी बोलल्याबद्दल 'निष्क्रिय' असा शेरा आला, कारण तेवढा वेळ माउस हललाच नव्हता. माझं डोकंच फिरलं. मी साहेबांच्या मागे लागले. बसलेला वेळ कशाला मोजता, झालेलं काम मोजा. चार महिने डोकं खाल्लं तेव्हा ते म्हणाले, "बरं बाई, तू म्हणतेस तसं. तूच तक्ता बनव."

मी दोन रकाने मागितले होते. किती तक्रारी बंद केल्या हा एक, आणि त्यातल्या किती चौदा दिवसांत परत आल्या हा दुसरा. दुसऱ्याची माहिती वेगळ्या सिस्टीममध्ये होती, ती जोडायला वेळ लागणार होता. साहेब म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू. मी मान डोलावली. पहारेकरी हटला या आनंदात मी अर्धं हातात घेतलं आणि पुरं मिळालं असं टीमला सांगितलं.

तीन महिन्यांनी आकडे आले. सगळ्यात वर माझी धाकटी जाऊ, तीनशे बारा तक्रारी. सगळ्यात खाली आप्पा, एकशे अठरा. बाकीचे अडीचशेच्या आसपास.

जावेबद्दल आधी सांगते. ती आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. माझ्या दिराचा कारखाना बंद पडला तेव्हा तिला मीच इथे लावून घेतलं. छोटी कंपनी, सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी काही म्हटलं नाही. पहारेकऱ्याच्या काळात तिला नेहमी बोलणी बसायची, कारण लहान मुलीसाठी ती मध्येमध्ये उठायची. आता ती पहिली आली. त्या दिवशी घरात सगळे खूश होते.

साहेबांचा फोन आला. "वरून सांगणं आहे, प्रत्येक टीममधला तळाचा एक कमी करायचाय. आप्पांचं अप्रेझल लिहायला घे. नीट लिही, उद्या कुणी विचारलं तर कागद बोलला पाहिजे."

"साहेब, आप्पा? त्यांना एवढं काम येतं की..."

"फूटपट्टी तुझी आहे ना?"

मी लिहायला बसले. 'टीमच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. अपेक्षेपेक्षा खालची कामगिरी.' दोन ओळी लिहायला मला पूर्ण दुपार लागली. मग नियमाप्रमाणे त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मी तर रोज बसलेला असतो हो."

"आता बसणं मोजत नाहीत, आप्पा."

"हां. ते तुम्ही सांगितलं होतंत." कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. "अजून पंधरा दिवस आहेत ना कागद वर जायला? आकडा वाढवतो."

आणि त्यांनी वाढवला. जे आप्पा एका तक्रारीला चार-चार तास द्यायचे, लॅबमधल्या मुलीला मशीनचं झाकण उघडायला लावून एकेक नळी बघायला सांगायचे, ते दिवसाला सात-आठ तक्रारी बंद करू लागले. मला तो आकडा बघून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. वाटलं, सुटले.

नवव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आवाज ओळखू येईना.

"ताई, माझ्या हातून पाप झालं."

एका लॅबमधलं पोटॅशियम मोजणारं मशीन चुकीचे आकडे देत होतं. आप्पांनी आदल्या दिवशी ते बंद करून चालू करायला सांगितलं, एक तपासणी बरोबर आली, आणि त्यांनी तक्रार बंद केली. माहीत उत्तर असलेला नमुना पुन्हा दोनदा लावून बघायचा असतो, तो लावायला सांगितलाच नाही. सकाळी लॅबच्या बाईंनी स्वतःहून तो लावला तेव्हा मशीन अजून चुकतंय हे कळलं. रिपोर्ट एकही बाहेर गेला नव्हता. थोडक्यात निभावलं.

"काही झालं नाही ना आप्पा, वेळेवर कळलं."

"त्या बाईंना कळलं. मला नाही. कुणाच्या हृदयाची औषधं ठरतात त्या आकड्यावर. बावीस वर्षांत मी असं बंद नाही केलं कधी."

फोन ठेवला आणि मी ते करायला बसले जे मी आधीच करायला हवं होतं. त्यांच्या तिमाहीतल्या एकशे अठरा तक्रारी मी एकेक करून उघडल्या. नोंदी वाचल्या, त्याच मशीनच्या आधीच्या तक्रारी शोधल्या. तीन दिवस लागले. एकशे अठरापैकी एकाहत्तर तक्रारी अशा होत्या, ज्या आधी दुसऱ्या कुणीतरी 'बंद' केल्या होत्या. बंद करून चालू करा, वायर काढून लावा, झालं. दोन दिवसांनी मशीन पुन्हा अडायचं, लॅबवाला नव्या नंबरने तक्रार टाकायचा, ती कुणी उचलायचं नाही, आणि शेवटी आप्पा उचलायचे. ज्याने चुकीची बंद केली त्याच्या नावावर एक, ज्याने मशीन खरं चालू केलं त्याच्या नावावरही एकच. फूटपट्टी माझीच होती.

एकाहत्तरपैकी एकोणतीस माझ्या जावेने बंद केलेल्या होत्या.

मी वर गेले. ती मुलीचे कपडे घड्या करत होती. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला आणि तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही उतरला.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, आकडा बघणार? मी आकडा दिला."

"मशीन चालायला हवं होतं गं."

"ते कुठे लिहिलं होतं? दाखवा ना मला." तिने हातातला फ्रॉक खाली टाकला. "आप्पांसाठी तुम्ही मला काढणार? यांच्याकडे बघून तरी..." आतल्या खोलीत दीर टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते, हे दोघींना कळत होतं.

ती खोटं बोलत नव्हती. तिने लबाडी केली नव्हती, मी जे मागितलं ते तिने जास्तीत जास्त दिलं होतं. मी खाली आले.

मग सहाही जणांचे कागद मी पुन्हा लिहिले. कुणाला कोणतं काम दिलं होतं, सोपं किती, अवघड किती, मशीन चौदा दिवस नीट चाललं का, नाही तर का नाही. प्रत्येक दाव्यापुढे तक्रारीचा नंबर. ज्या गोष्टी आधी सांगितल्याच नव्हत्या त्यासाठी कुणाला खाली ओढलं नाही, त्या पुढच्या तिमाहीचं ठरलेलं काम म्हणून लिहिल्या. आप्पांचा तो पोटॅशियमचा प्रसंगही लिहिला, आणि तो कशामुळे घडला तेही. शेवटी लिहिलं की मोजमाप अर्धवट होतं, ते मी चालवून घेतलं. जाऊ माझ्या नात्यातली आहे, तिचा कागद दुसऱ्या कुणी तपासावा.

साहेबांनी सगळं वाचलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"पटतंय. पण वरच्यांनी नंबर लावूनच यादी मागितलीय. तळाला कुणीतरी असणारच. आप्पा नाहीत, आणि परत आलेल्या तक्रारींचा हा रकाना धरला, तर मग तुझी जाऊच..."

"साहेब, त्यांना सांगा की सहाही जणांनी..."

"मी सांगून बघतो. वचन देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांचा निरोप आला, की आता कुणालाच काढायची गरज उरली नाही. आप्पांनी राजीनामा पाठवला होता. दोन ओळींचा. तब्येतीचं कारण.

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, काकूंनी उचलला. "ते बोलत नाहीयेत, गं. तुझ्यावर राग नाही. कुणावरच नाही. नुसते बसून आहेत." मी साहेबांना विनवलं, राजीनामा परत घ्यायला लावा. साहेब म्हणाले, "वरच्यांना एक हवा होता, मिळाला. आता मी उकरून काढलं तर दुसरा मागतील. तू देशील का दुसरा?" वरच्या मजल्यावर जावेच्या फोनची घंटा वाजली, आणि ती कुणाला तरी शांतपणे नळी तपासायला सांगत होती. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं ओझं अजून उतरलेलं नाही.

दुसरा रकाना पुढच्या तिमाहीत आला. जावेचा आकडा घसरून दोनशेच्या खाली गेला, परत येणाऱ्या तक्रारीही कमी झाल्या. ती चांगलं काम करते आता. माझ्याशी कामापुरतं बोलते. अवघड तक्रारी मात्र साठत जातात, आणि काही लॅब तर सरळ नवं मशीन मागवतात.

महिन्याभराने मी आप्पांच्या घरी गेले. जायला आधी धीर झाला नव्हता. दारात काकू, आत आप्पा, दाढी वाढलेली. मी त्यांचा नव्याने लिहिलेला कागद पिशवीतून काढून दिला. कंपनीत त्याचा आता काही उपयोग नव्हता.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. मला वाटलं त्यांना भरून येईल, किंवा ते मला काही बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"इथे लिहिलंय, मी बंद केलेल्यांतल्या दोन परत आल्या."

"फक्त दोनच, आप्पा. एकशे अठरापैकी."

"कोणत्या?"

मी नंबर सांगितले. पोटॅशियमवाली त्यांत नव्हती, ती तिमाही संपल्यानंतरची. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलत होते. "एक ती टेकडीवरची लॅब असणार. तिथे विजेचा दाब कमी येतो, मशीनचा दोष नाही. पण दुसरी?" ते कागदाकडे बघत राहिले. "दुसरी मला आठवतच नाही हो, ताई."

काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. आप्पांचं लक्ष नव्हतं.