सांतानबाब आणि सुईचा स्मिअर

सदुसष्ट साली मी पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला दुसऱ्यांदा नापास झालो आणि बांद्याजवळच्या एका मिशन हॉस्पिटलाच्या लॅबमध्ये चिकटलो. तिथे माझी शिकवणी घेतली सांतानबाबांनी. गाव आरोंदा, हुद्दा लॅबमधला शिपाई, शिक्षण मराठी तिसरी. मुंबईच्या एका कॉलेजात वीस वर्षं परीक्षेला मायक्रोस्कोपखालच्या काचा मांडून आलेले. परीक्षकांपेक्षा जास्त तोंडी परीक्षा ह्यांनी ऐकल्या होत्या. पगारात तेवढी ती विद्वत्ता दिसत नसे.

आमचे मोठे डॉक्टर स्वीडनहून सुईची तपासणी शिकून आले होते. गाठीत बारीक सुई घालायची, सिरिंजचा दट्ट्या ओढून धरत ती आत-बाहेर हलवायची, दट्ट्या सोडायचा आणि मगच सुई काढायची. आलेला थेंब काचेवर पसरून, वाळवून रंगवायचा. परीक्षेतही असे स्मिअर येऊ लागले होते. मी हुशार. काच दिसली रे दिसली की आजाराचं नाव ठोकून मोकळा!

"जोतिषी जावा तुम्ही," सांतानबाब म्हणायचे. "नाव शेवटाक. आधी दिसता तां सांगा."

पेशी किती, घोळक्यात की सुट्या, केंद्रक केवढं, पेशीरस कसा, मग पार्श्वभूमी, म्हणजे पेशींच्या मधल्या जागेत काय पडलंय ते. अनुमान सगळ्यात खाली. पार्श्वभूमी विसरलो की ते माझ्याकडे असे बघत, जणू मी धोतर विसरून आलोय. आणि शेवटची, अनुमानाची ओळ कोरी ठेवली, तर आधीचे सगळे गुण पाण्यात.

एका मंगळवारी त्यांच्या बायकोच्या, इनासियाबाईंच्या मानेतली गाठ टोचून मोठे डॉक्टर मिरजेला गेले. काच सांतानबाबांनी स्वतः रंगवली, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि एका दमात म्हणाले, "क्षय! घोळके आसत. क्षयच. औषधान बरी जातली ती."

मला केवढा आनंद झाला! जोतिषी म्हणायची संधी आयती चालून आली होती. मी काच बघितली आणि तो शब्द गिळला.

"सांतानबाब, दिसता तां सांगतंय," मी म्हटलं. "पेशी भरपूर, घट्ट घोळक्यात. केंद्रकां लिंफोसाइटच्या, गाठीतल्या साध्या पेशीच्या, तिप्पट, लहानमोठी, गडद. आत केंद्रिकेचो ठिपको ठळक. क्षयातली फिकी, लांबट केंद्रकां ही न्हय."

"पार्श्वभूमी?"

"स्वच्छ. लिंफोसाइट तेवढे. क्षयातलो दाणेदार चोथो खंयच नाय."

तिथे मी थांबलो. खाली लिहायचा राहिला होता तो एकच शब्द, कॅन्सर. दर रविवारी मला पेजेबरोबर सुक्या मासळीचं तोंडीलावणं वाढणारी बाई होती ती. मला रडू येत होतं.

सांतानबाबांनी हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"थांबलात कित्याक?" ते म्हणाले. "शेवटची ओळ लिवा. गुण जातत."