तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

लाखनीच्या जानकीबाईनं दोन एकर धान एकटीनं पिकवलं, लेक कुसुमला शिकवून नागपुरात मास्तरीण केलं, पण कोणाच्या घासाची मिंधी झाली नाही. मोठी मानी बाई! शहाऐंशी साली बांधावरून पडली अन् हाती काठी आली. घरात दुसरं कोणी नव्हतं. कुसुमताईनं तिला नागपुरात आणलं. येताना म्हातारीनं पिशवीभर तांदूळ सोबत घेतला.

दिवसा कुसुमताई शाळेत, घरी म्हातारीकडे पाहायला कोणी नाही. म्हणून तिनं रजा टाकून तीन ठिकाणं पाहिली. शाळेजवळ एका मंडळाचं दिवसाचं केंद्र होतं. दहाला सोडायचं, पाचला न्यायचं, दुपारचं जेवण तिथंच. अट एकच, माणूस आपल्या पायानं चालणारं हवं. दुसरा एक बंगला. वेगळी खोली, आंघोळीला बाई, औषधपाण्याला नर्स, पण मास्तरणीच्या पगारात कुठलं बसायला! तिसरा शहराबाहेरचा वृद्धाश्रम. एका खोलीत बारा खाटा, डॉक्टर आठवड्यातून एकदा, भेट रविवारी.

केंद्रच बरं, असं तिनं ठरवलं. दिवसा तिथं अन् रात्री माय आपल्याजवळ.

"माय, माझ्याच घरी राह्य," ती म्हणाली.

"लेकीच्या घरचं कसं खाऊ वं? लोकं काय म्हणतीन?"

म्हातारी आपला मूठभर तांदूळ वेगळ्या गंजात, एका लहान पातेल्यात, शिजवायची. ते पाहून कुसुमताईच्या जिवाला लागायचं. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं.

"नाई म्हटलं ना!" जानकीबाई पिशवीवर हात ठेवून म्हणाली.

झालं! कुसुमताई भडकली. तुझा हेका तुलाच लखलाभ, म्हणाली, अन् रागारागात आश्रमाचा अर्ज भरून आली. सोमवारी मायला तिथं सोडलं. म्हातारीनं तांदळाची पिशवीही सोबत नेली.

तीन महिन्यांनी निरोप आला, मोरीत पडली म्हणून. कुसुमताई धावत गेली. जानकीबाई खाटेवर, उशाशी तीच पिशवी. तांदळाला किडे लागलेले.

"हे कायले ठेवलं, माय?"

"तुह्याच गंजात टाकाले आणले होते. पहिल्या बोलावण्यातच हो म्हटलं तं माणूस हलकं पडते, बाई. पंगतीत नाई का, तिसऱ्यांदा वाढाले आले का मंग ताटावरचा हात बाजूले घेते? तू दोनदाच विचारलं. मी वाट पाहून राहिली होती."

गावातल्या किती पंगतींत कुसुमताईनं स्वतः वाढलं होतं, अन् आपल्याच मायला विचारताना तिसरी खेप विसरली होती!

"आता चाल माय, माझ्या घरी," ती रडत म्हणाली.

"हो, येतो," जानकीबाई लगेच म्हणाली.

तिनं काठी मागितली अन् पाय खाली सोडायला गेली. पाय जागचा हलला नाही. तिनं पुन्हा जोर लावला. कुसुमताईला केंद्राची ती एक अट आठवली, आपल्या पायानं चालण्याची, अन् ती काठी हातात धरून तशीच उभी राहिली.